ग्रॅच्युइटी आणि कंपनीने दिलेली भरपाई कुठे ठेवावी? नोकरी गेली आहे, वर्षभराचा खर्च हाताशी हवा (बडोदा)

मांजलपूरची_स्मिता | ४ ऑक्टोबर २०२५, रात्री ९:१०

नमस्कार. प्रश्न आमच्या ह्यांच्यासाठी विचारते आहे. वय ४४. मकरपुरा जीआयडीसीतल्या कंपनीने त्यांचा विभागच बंद केला, ३० सप्टेंबरला कार्यमुक्त केलं. पद सहायक व्यवस्थापक. नोकरी १४ वर्षं ७ महिने झाली. पगार महिना ९६ हजार, त्यात बेसिक आणि डीए मिळून ५२ हजार.

मिळणारे पैसे असे: भरपाई सहा महिन्यांचा पगार म्हणजे ५,७६,०००. शिल्लक रजेचे (६० दिवस) १,०४,०००. ग्रॅच्युइटी कंपनीच्या कागदावर ४,२०,००० लिहिली आहे.

घरखर्च महिना ४५ हजार, त्यातच गृहकर्जाचा हप्ता १८,४०० आला. कर्ज ११ लाख शिल्लक, व्याज ८ टक्क्यांच्या आसपास, फ्लोटिंग. दोन मुलं शाळेत, सासूबाई आमच्याकडे. पीएफ साडेनऊ लाख आहे, त्याला हात लावायचा नाही असं ठरवलंय. बँकेतली बाकी शिल्लक फार नाही.

भावोजी म्हणतात सगळे पैसे कर्जात भरून मोकळे व्हा. बँकेतून रोज फोन येतोय की एक चांगली योजना आहे. काय करावं?

---

सुरसागर | ४ ऑक्टोबर, रात्री ९:४८

स्मिताताई, भरपाईचं टेन्शन घेऊ नका, नोकरीवरून काढल्याची भरपाई ५ लाखांपर्यंत करमुक्त असते. ग्रॅच्युइटी तर २० लाखांपर्यंत पूर्ण माफ. म्हणजे तुमचे फक्त ७६ हजार करात येतात. कर्ज फेडून टाका, ८ टक्क्यांचं कर्ज ठेवून सव्वासहा टक्क्यांची एफडी करण्यात अर्थ नाही. साधं गणित आहे.

---

विश्वामित्री | ४ ऑक्टोबर, रात्री १०:०५

पीएफ काढायचा असेल तर फॉर्म १९ भरायचा, यूएएनला आधार आणि बँक खातं जोडलेलं हवं. पॅन जोडला नसेल तर जास्त टीडीएस कापतात. माझ्या मेहुण्याचं नावातल्या एका अक्षरामुळे अडलं होतं.

---

मांजलपूरची_स्मिता | ४ ऑक्टोबर, रात्री १०:११

पीएफ काढायचा नाहीये हो, तो राहूदे असंच म्हटलंय वर.

---

हिशेबनीस | ५ ऑक्टोबर, सकाळी ७:३०

ताई, पैसे कुठे ठेवायचे त्याच्या आधी ते बरोबर येतायत का ते बघू.

ग्रॅच्युइटीचा आकडा कमी आहे. ५२,००० भागिले २६ गुणिले १५ म्हणजे नोकरीच्या एका वर्षाचे ३०,००० होतात. कंपनीने १४ ने गुणलंय. पण शेवटच्या वर्षात सहा महिन्यांपेक्षा जास्त काम झालं की ते पूर्ण वर्ष धरतात. यांचे सात महिने झालेत, म्हणजे १५ वर्षं, म्हणजे ४,५०,०००. तीस हजारांचा फरक आहे. अंतिम हिशेबाच्या कागदावर सही करण्याआधी एचआरला मेल करा, तोंडी नको. मेलमध्ये नोकरीला लागल्याची तारीख आणि सुटल्याची तारीख, एवढंच लिहा. ग्रॅच्युइटी देय झाल्यापासून ३० दिवसांत द्यायची असते, उशीर झाला तर व्याज द्यावं लागतं, हेही एका ओळीत टाका.

सुरसागर, ग्रॅच्युइटीचं तुमचं बरोबर आहे. रजेचे पैसेही नोकरी सुटताना मिळाले की २५ लाखांच्या मर्यादेत करमुक्त, त्यामुळे ते १,०४,००० सुटले. भरपाईचं मात्र इथे लागू होत नाही. ५ लाखांची ती सूट कायद्यात ज्याला कामगार म्हटलंय त्याच्या छाटणीच्या भरपाईला आहे. व्यवस्थापकाच्या पदावरचा माणूस त्यात बसत नाही, आणि देखरेखीचं काम करणारा महिना १० हजारांच्या वर पगार असला तरी बसत नाही. सहायक व्यवस्थापक, ९६ हजार पगार, म्हणजे पूर्ण ५,७६,००० पगारासारखेच करपात्र.

पण घाबरू नका. या वर्षी एप्रिल ते सप्टेंबर पगार ५,७६,०००, भरपाई तेवढीच, मिळून ११,५२,०००. त्यातून ७५ हजारांची प्रमाणित वजावट, राहिले १०,७७,०००. त्यात मार्चपर्यंतचं एफडीचं व्याज ३३ हजार धरा. नव्या करपद्धतीत १२ लाखांच्या आत आहे, कर शून्य. कंपनीने जुन्या पद्धतीने टीडीएस कापला असेल तर रिटर्न भरताना नवी निवडून परत मागता येतो.

आता यात एक खड्डा आहे, तो नंतर लिहितो, कारण त्यासाठी वेगळे पैसे बाजूला काढावे लागतील.

---

सुरसागर | ५ ऑक्टोबर, सकाळी ८:१५

कामगार असण्याची अट माहीत नव्हती, मान्य. पण कर्जाचं माझं म्हणणं कायम आहे.

---

हिशेबनीस | ५ ऑक्टोबर, सकाळी ९:०२

कर्जाचंच घेऊ, कारण बहुतेक घरांत पैसे तिथेच अडकतात.

समजा ग्रॅच्युइटीचे साडेचार लाख कर्जात भरले. वर्षाला ८ टक्क्यांनी ३६ हजार व्याज वाचलं. तेच पैसे सव्वासहा टक्क्यांच्या एफडीत ठेवले तर २८ हजार मिळाले. वर्षभराचा फरक ८ हजार. त्या ८ हजारांसाठी साडेचार लाख अशा जागी गेले की जिथून परत काढता येत नाहीत. नंतर गरज पडली तर टॉप-अप कर्ज मागावं लागेल, आणि त्यासाठी बँक पहिल्यांदा मागते तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा. त्याच तर नाहीत आत्ता.

दुसरी गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. काही रक्कम कर्जात भरली की बँक आपणहून हप्ता कमी करत नाही, मुदत कमी करते. म्हणजे साडेचार लाख भरूनही पुढच्या महिन्यात १८,४०० चा हप्ता तसाच कापला जाणार. हप्ता कमी हवा असेल तर लेखी अर्ज द्यावा लागतो, तेव्हा तो साधारण ११ हजारांवर येईल. तुमच्या भावोजींना 'मोकळं' वाटेल, पण घरखर्चातून एक रुपयाही कमी झालेला नसेल.

फ्लोटिंग कर्जाला मुदतीआधी फेडल्याचा दंड नसतो. म्हणून ही गोष्ट सहा-आठ महिन्यांनी, नोकरी लागल्यावरही करता येते. आज कर्जात पैसे टाकायचे असतील तर फक्त क्रेडिट कार्डची थकबाकी किंवा वैयक्तिक कर्ज असेल त्यात टाका.

---

रावपुरा_वाडा | ५ ऑक्टोबर, सकाळी ११:४०

आमच्या भागातली पतपेढी ९ टक्के देते. ओळखीचे लोक चालवतात, वर्षानुवर्षं आहे. आणि एफडीवर ५ लाखांचा विमा असतोच ना? पाच-पाच लाखांच्या पावत्या वेगवेगळ्या शाखांत केल्या की सगळं सुरक्षित.

---

शैलजाताई | ५ ऑक्टोबर, दुपारी १२:२५

नाही हो, दोन्ही गोष्टी चुकताहेत. मी सहकारी बँकेत बरीच वर्षं काम केलंय, म्हणून ठामपणे सांगते.

तो विमा डीआयसीजीसीचा. तो बँकांना असतो, सहकारी बँकांनाही असतो, पण पतसंस्थेला नसतो. पाटीवर 'बँक' शब्द नसेल तर आधी संशय घ्यावा. आणि ५ लाख हे पावतीमागे नाहीत की शाखेमागे नाहीत. एका बँकेतली एका व्यक्तीची बचत, चालू, एफडी, आरडी, सगळ्या शाखा, मुद्दल अधिक व्याज, सगळं एकत्र करून ५ लाख. जोड खात्यात नावांचा क्रम बदलला तर ते वेगळं धरतात, तेवढी सवलत आहे.

अजून एक गोष्ट नीट लक्षात घ्या. विमा पैसे देतो, पण उद्या देत नाही. बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले की आधी पैसे काढण्यावर बंदी किंवा मर्यादा येते, आणि विम्याची रक्कम यायला कायद्याने ९० दिवसांपर्यंत वेळ दिलाय. २०१९ मध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला खात्यामागे फक्त १,००० रुपये काढता येत होते. नोकरी नसलेल्या घराला ते तीन महिने कसे काढायचे हा खरा प्रश्न असतो. म्हणून महिन्याचा खर्च एकाच बँकेत ठेवू नये. किमान तीन-चार महिन्यांचा खर्च दुसऱ्या बँकेत हवाच. तुम्ही जिथे वापराल ती बँक मोठी असेल तरी.

---

रावपुरा_वाडा | ५ ऑक्टोबर, दुपारी १२:५०

शाखेचं मला वेगळंच सांगितलं होतं. पण पतपेढीत आमचे पैसे कधी अडकले नाहीत, हेही खरं आहे.

---

शैलजाताई | ५ ऑक्टोबर, दुपारी १:०५

अडकले नसतील. ज्यांच्या घरात पगार चालू आहे त्यांनी काय करावं हा ज्याचा त्याचा प्रश्न. स्मिताताईंच्या पैशाबद्दल बोलतेय मी.

---

हिशेबनीस | ५ ऑक्टोबर, सायंकाळी ६:२०

ताई, तुमचा ४५ हजारांचा आकडा मला कमी वाटतोय. दर महिन्याला जे जातं तेवढंच धरलंय का? वर्षातून एकदा-दोनदा येणारे खर्च लिहाल का: शाळेची फी, घरपट्टी, गाडीचा विमा, टर्म विमा. आणि कंपनीचा आरोग्यविमा होता का?

---

मांजलपूरची_स्मिता | ५ ऑक्टोबर, रात्री ८:३३

बरोबर पकडलंत. महिन्याचं मोजलं: हप्ता १८,४००, किराणा-दूध-भाजी १४,०००, लाइटबिल दोन महिन्यांनी ३,६०० येतं म्हणजे महिना १,८००, गॅस ७००, सोसायटी १,५००, फोन-इंटरनेट १,३००, पेट्रोल ३,०००, सासूबाईंची औषधं ३,५००. झाले ४४,२००.

वर्षाचे: दोघांची फी ८४,०००, टर्म विमा १९,०००, गाडी ९,०००, घरपट्टी ६,०००. आरोग्यविमा कंपनीचाच होता, आता घ्यावा लागेल, चौघांचा एका एजंटने ३२,००० सांगितला. मिळून दीड लाख. हे मी धरलेच नव्हते.

---

हिशेबनीस | ५ ऑक्टोबर, रात्री ९:१५

म्हणजे महिना ४४,२०० अधिक १२,५००, खरा खर्च ५६,७००. वर्षभरात जवळजवळ दीड लाखाची चूक झाली असती, आणि ती नेमकी जूनमध्ये शाळेच्या फीच्या वेळी कळली असती.

आरोग्यविम्याचं उद्याच करा. कंपनीचा गट विमा साधारण शेवटच्या दिवसालाच संपतो. त्याच विमा कंपनीकडे वैयक्तिक पॉलिसीत बदलून देता का असं विचारा. तसं झालं तर आधीच्या आजारांसाठीची थांबण्याची मुदत पुन्हा पहिल्यापासून मोजत नाहीत, गट विम्यातली वर्षं धरतात. विचारायला जितका उशीर तितकं अवघड. वैयक्तिक आरोग्यविम्यावर २२ सप्टेंबरपासून जीएसटी नाही, तेव्हा एजंटने सांगितलेले ३२,००० जीएसटीसकट आहेत का तेही बघा.

आता पैशाची मांडणी. एकूण ग्रॅच्युइटी ४,५०,०००, भरपाई ५,७६,०००, रजा १,०४,०००, म्हणजे ११,३०,०००. दोन महिन्यांचा खर्च १,१५,००० असा एक गठ्ठा धरा. बारा महिन्यांचे सहा गठ्ठे होतात, ६,९०,०००.

पहिला गठ्ठा हप्ता ज्या बँकेतून कापला जातो तिथे बचत खात्यात. त्याच बँकेत तीन गठ्ठ्यांच्या तीन वेगळ्या एफडी. एकूण ४,६०,०००, व्याज धरूनही ५ लाखांच्या आत. उरलेले दोन गठ्ठे दुसऱ्या बँकेत, दोन एफडी करून. शैलजाताईंनी सांगितलेले तीन-चार महिने तिथे आले.

एफडी वेगवेगळ्या का? साडेतीन लाखांची एकच केली तर एक लाख हवे असताना पूर्ण मोडावी लागते. सगळ्या एक वर्षाच्या मुदतीच्या करा, कारण तीन-चार महिन्यांच्या एफडीला दर कमी असतो. दोन महिने संपत आले की एक मोडायची. मोडल्यावर बँक जितके दिवस पैसे राहिले त्या मुदतीचा दर देते आणि वर साधारण अर्धा ते एक टक्का कापते. समजा चार महिन्यांनी मोडली आणि साडेचार टक्केच हातात आले, तर १,१५,००० वर सव्वासहा टक्क्यांच्या मानाने सुमारे ६७० रुपयांचं नुकसान. एवढं सोसायला हरकत नाही. फक्त 'टॅक्स सेव्हिंग' एफडी करू नका. बँकेच्या ॲपवर दर चांगला दिसतो म्हणून लोक तिच्यावर बोट ठेवतात आणि ती पाच वर्षं मोडताच येत नाही.

---

शैलजाताई | ५ ऑक्टोबर, रात्री ९:४०

एक भर घालते. एफडी जोड नावावर केली तर मुदतीआधी मोडताना बऱ्याच बँका दोघांची सही मागतात. साहेब मुलाखतीला पुण्याला गेलेले असताना तुम्हाला शाखेतून परत यावं लागेल. ऑनलाइन केलेली, एकाच्या नावावरची, नॉमिनी लावलेली एफडी मोडायला सोपी. दोन तुमच्या नावावर असल्या तर उत्तम.

आणि पगार खात्याकडे लक्ष ठेवा. काही महिने पगार जमा झाला नाही की बँक ते साधं बचत खातं करते, मग किमान शिल्लक ठेवावी लागते आणि कमी पडली की दंड कापतात. हप्ता त्याच खात्यातून असेल तर शिल्लक थोडी जास्त ठेवा. पैसे आहेत पण दुसऱ्या बँकेत आहेत, म्हणून हप्ता परत गेला, असं होऊ देऊ नका. त्याची नोंद क्रेडिट रिपोर्टमध्ये राहते.

---

मांजलपूरची_स्मिता | ५ ऑक्टोबर, रात्री ९:५८

हे खूप कामाचं आहे. हिशेबनीस, तो खड्डा कोणता म्हणालात?

---

हिशेबनीस | ६ ऑक्टोबर, सकाळी ७:१०

हा असा. आत्ता कर शून्य आहे, कारण उत्पन्न १२ लाखांच्या आत आहे. समजा जानेवारीत यांना तितक्याच पगाराची नोकरी लागली. जानेवारी ते मार्च २,८८,००० आणखी मिळाले. व्याज धरून करपात्र उत्पन्न १३,९८,००० झालं. १२ लाखांची सवलत गेली आणि कर पहिल्यापासून लागला: ८९,७०० अधिक उपकर, म्हणजे सुमारे ९३ हजार.

आणि हे कुणीच कापणार नाही. जुनी कंपनी म्हणेल ११ लाखांच्या आत आहे, कर शून्य. नवी कंपनी म्हणेल तीन महिन्यांचे २,८८,००० आहेत, कर शून्य. दोघंही आपापल्या जागी बरोबर. जुलैमध्ये रिटर्न भरताना एकदम ९३ हजार आणि वर व्याज, तेही अशा वेळी की भरपाईचे पैसे संपत आलेले असतील.

म्हणून ९५,००० ची एक वेगळी एफडी दुसऱ्या बँकेत करा आणि तिला घरखर्चात धरू नका. नोकरी लागली की नव्या कंपनीला आधीच्या पगाराची आणि भरपाईची माहिती द्या, म्हणजे ते टीडीएस कापतील. नाहीतर १५ मार्चच्या आत आगाऊ कर भरा. ३१ मार्चपर्यंत नोकरी लागली नाही तर हे ९५ हजार मोकळे, त्यांचा आणखी एक गठ्ठा समजा. आणि मार्चमध्येच लागली, एकच पगार आला, तर १२ लाखांच्या वर जेवढे पाच-सहा हजार जातील साधारण तेवढाच कर. त्यासाठी नोकरीची तारीख पुढे ढकलायचा विचारही करू नका.

---

सुरसागर | ६ ऑक्टोबर, सकाळी ८:२०

हे खरंच डोक्यात आलं नव्हतं. मग उरले किती? ११,३०,००० वजा ६,९०,००० वजा ९५,००० म्हणजे ३,४५,०००. हे तरी म्युच्युअल फंडात टाका, एवढे पैसे एफडीत कशाला? बारा महिने मला जास्तच वाटतात. अनुभवी माणसाला चार-सहा महिन्यांत नोकरी लागते.

---

दांडियाबाजार | ६ ऑक्टोबर, सकाळी १०:०५

माझं थोडं वेगळं आहे, इथेच विचारतो. वय ५७, मलाही मार्चनंतर कमी करणार असं दिसतंय. पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ग्रॅच्युइटी ठेवता येईल का? ६० पूर्ण लागतात म्हणतात.

---

शैलजाताई | ६ ऑक्टोबर, सकाळी १०:५०

काका, ५५ ते ६० च्या निवृत्त व्यक्तीला येतं, पण निवृत्तीचे पैसे हातात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत खातं उघडावं लागतं, आणि निवृत्तीलाभाइतकीच रक्कम ठेवता येते. कमाल ३० लाख. सध्या ८.२ टक्के, व्याज दर तीन महिन्यांनी. कंपनीकडून पत्र लागेल, निवृत्त झाल्याचं आणि कोणते लाभ किती दिले ते. तुमच्या पत्रात 'निवृत्त' ऐवजी 'सेवा समाप्त' असं लिहिलं तर पोस्टात हरकत घेऊ शकतात, म्हणून पत्राचा मसुदा आधी पोस्टमास्तरांना दाखवून घ्या.

महिन्याच्या खर्चाचे पैसे मात्र यात टाकू नका. पहिल्या वर्षात बंद केलं तर दिलेलं व्याजही मुद्दलातून वळतं करतात.

---

दांडियाबाजार | ६ ऑक्टोबर, सकाळी ११:१२

धन्यवाद. पत्राचं बघतो. आमच्या कंपनीने 'सेवा समाप्त'च लिहिलंय इतरांना.

---

हिशेबनीस | ६ ऑक्टोबर, दुपारी १:३०

सुरसागर, चार-सहा महिन्यांत लागूही शकते. पण ४४ व्या वर्षी, एकाच प्रकारच्या कामात, बडोद्यातच राहायचं असेल तर मी बारा धरीन. बाहेर जायची तयारी असेल तर नऊ चालतील. हा निर्णय त्या दोघांनी घ्यायचा.

३,४५,००० चं माझं मत असं की नोकरी लागेपर्यंत त्यांचंही काही 'गुंतवायचं' नाही. लिक्विड फंडात ठेवता येतील. पैसे मागितले की पुढच्या कामाच्या दिवशी येतात, काही फंड दिवसाला ५० हजारांपर्यंत लगेचही देतात. पहिल्या सात दिवसांत काढले तर अगदी किरकोळ कापतात. कराच्या बाबतीत एफडीपेक्षा फायदा नाही, स्लॅबप्रमाणेच लागतो, पण फंड विकेपर्यंत लागत नाही आणि टीडीएसची भानगड नाही. शेअर बाजाराच्या फंडात आत्ता नको. बाजार पडलेला असतानाच नोकऱ्याही कमी असतात, आणि मग नेमकी तोट्यात विकायची वेळ येते.

---

सुरसागर | ६ ऑक्टोबर, दुपारी २:०४

लिक्विड फंड ठीक. पण पाच वर्षांच्या हिशेबाने निदान एक लाख तरी बाजारात असावेत, असं मला अजूनही वाटतं. त्यावर आपलं जमणार नाही.

---

मांजलपूरची_स्मिता | ६ ऑक्टोबर, सायंकाळी ७:४५

आज बँकेचा माणूस घरी येऊन गेला. म्हणे 'गॅरंटीड' योजना, साडेतीन लाख भरा, अकराव्या वर्षापासून दर वर्षी उत्पन्न. एकदाच भरायचे का विचारलं तर हो म्हणाला. फॉर्म ठेवून गेलाय. सही केलेली नाही.

---

शैलजाताई | ६ ऑक्टोबर, रात्री ८:०२

फॉर्मवर 'प्रीमियम पेमेंट टर्म' असा रकाना शोधा. तिथे काय लिहिलंय?

---

मांजलपूरची_स्मिता | ६ ऑक्टोबर, रात्री ८:१०

१० लिहिलंय.

---

शैलजाताई | ६ ऑक्टोबर, रात्री ८:१८

म्हणजे दहा वर्षं दर वर्षी साडेतीन लाख. एकदाच असतं तर तिथे १ किंवा 'सिंगल' लिहिलेलं असतं. मोठी रक्कम खात्यात जमा झाली की शाखेत दिसते, मग हे फोन सुरू होतात. फॉर्म परत देऊ नका, फाडून टाका, आणि त्या माणसाला ओटीपी सांगू नका. कधी चुकून घेतलीच गेली तर पॉलिसी हातात आल्यापासून ३० दिवसांत परत करता येते, पण अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या.

---

मांजलपूरची_स्मिता | ७ ऑक्टोबर, सकाळी ९:३०

फाडला. एचआरला ग्रॅच्युइटीचा मेल काल रात्रीच गेला, दोन्ही तारखा लिहून. विमा कंपनीने गट पॉलिसीतून बदलून देण्यासाठी एचआरचं पत्र मागितलंय, ते आज मागते.

भावोजींना हप्त्याचं सांगितलं. ते म्हणाले मग कर्ज फेडायचं आणि हप्ता कमी करायचा अर्जही द्यायचा. त्यांचं समाधान झालेलं नाही. दुसरी बँक अजून ठरलेली नाही, घराजवळ एक सहकारी आहे आणि एक सरकारी, सहकारीत दर पाव टक्का जास्त आहे.

---

शैलजाताई | ७ ऑक्टोबर, सकाळी १०:१५

दोन लाख तीस हजारांवर पाव टक्का म्हणजे वर्षाला ५७५ रुपये. एफडी ॲपवरून मोडता येते का ते दोन्हीकडे विचारा आणि जिथे येते तिथे ठेवा.